प्रस्तावांना गुण कसे द्यायचे: लिफाफे उघडण्याआधीचं आणि नंतरचं काम

निवड समितीत मी पहिल्यांदा बसलो तेव्हा गुणपत्रक प्रस्ताव वाचून झाल्यावर तयार झालं होतं. कुणीतरी म्हणालं, "दर्जाला थोडं जास्त वजन देऊ या." दुसऱ्यानं मान डोलावली आणि तक्त्यातला एक आकडा बदलला. सगळ्यांच्या मनात जो पुरवठादार होता तोच पहिला आला. कुणी लबाडी केली नव्हती, पण निर्णय आधी झाला होता आणि गुण नंतर आले होते. पुढे दुसऱ्या क्रमांकाच्या पुरवठादारानं लेखी कारण मागितलं तेव्हा आमच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

तेव्हापासून माझा साधा नियम आहे. गुणपत्रकातल्या ज्या गोष्टींनी निकाल फिरू शकतो, त्या सगळ्या दराचा लिफाफा उघडण्याआधी लिहून, सही करून ठेवायच्या. त्या नेमक्या कोणत्या, हे एका उदाहरणावरून पाहू. एका संस्थेला जुन्या कागदपत्रांची चार लाख पानं स्कॅन करून त्यांची नोंदसूची बनवून घ्यायची आहे. चार प्रस्ताव आले आहेत, त्यांना अ, ब, क आणि ड म्हणू. (आकडे समजावण्यासाठी बेतलेले आहेत. खर्च सापेक्ष आकड्यांत दिला आहे, सर्वांत कमी मागितलेला दर म्हणजे १००.)

पहिली पायरी: अटी वेगळ्या काढा, त्यांना गुण देऊ नका

काही गोष्टी कमीजास्त नसतात, त्या असतात किंवा नसतात. आपल्या उदाहरणात तशा दोन अटी आहेत: मूळ कागद इमारतीबाहेर जाणार नाहीत, आणि काम परस्पर दुसऱ्याला दिलं जाणार नाही. त्यांना 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर. ड पुरवठादारानं कागद स्वतःच्या केंद्रावर नेण्याचं लिहिलं होतं. विचारणा केल्यावरही तो बदलायला तयार झाला नाही, म्हणून तो इथेच बाद झाला.

नवीन माणूस इथे हमखास चुकतो. तो अशा अटीला दहा गुण ठेवतो. मग स्वस्त दराचे गुण ही उणीव भरून काढतात आणि जी गोष्ट चालणारच नव्हती ती चालून जाते. उलट, अटींची यादी वीस कलमांची केली तर किरकोळ कागदासाठी चांगला पुरवठादार बाहेर जातो. एखादी अट मोडणारा बाकी सगळ्यात उत्तम असला तरी आपण त्याला नाकारू का, असं स्वतःला विचारा. उत्तर ठाम 'हो' असेल तरच ती अट.

दुसरी पायरी: वजन ठरवा आणि ते पैशात तपासा

समितीनं १०० पैकी खर्चाला ३५, दर्जाला ३०, अनुभवाला १५ आणि जोखमीला २० असं वजन ठरवलं. खर्च सोडून बाकी तिन्हींना ० ते ५ गुण द्यायचे आणि वजनाच्या प्रमाणात वाढवायचे. म्हणजे दर्जात ५ पैकी ३ मिळाले तर ३० पैकी १८. दर्जाची एक पायरी ६ गुणांची झाली.

हे आकडे बहुतेक समित्या अंदाजानं ठरवतात आणि तिथेच थांबतात. मी एक तपासणी करतो. दर्जाची एक पायरी ६ गुणांची असेल, तर खर्चात तेवढेच ६ गुण गमवायला दर किती वाढावा लागेल? पुढे दिलेल्या गुणोत्तराच्या सूत्रानं हिशेब केला तर सर्वांत कमी खर्चापेक्षा साधारण २१ टक्के. म्हणजे ३५ आणि ३० असं लिहून समिती प्रत्यक्षात म्हणते आहे की दर्जाच्या एका पायरीसाठी आम्ही पाचवा हिस्सा जास्त मोजू. समितीला हे वाक्य मोठ्यानं वाचून दाखवा. ज्यांच्या हातात तिजोरी आहे ते लगेच सावरून बसतात, आणि मग वजनांवर खरी चर्चा सुरू होते.

तिसरी पायरी: प्रत्येक गुणाचा अर्थ शब्दांत लिहा

'५ म्हणजे उत्कृष्ट, ३ म्हणजे समाधानकारक' हे वर्णन नव्हे. दोन माणसांचं समाधान वेगवेगळ्या ठिकाणी होतं. मोजता येईल असं काहीतरी हवं.

दर्जासाठी इथे नमुना-काम ठेवलं. प्रत्येकाला तीच २०० पानं दिली. प्रत्येक पानाच्या नोंदसूचीत पाच रकाने होते: दिनांक, विषय, विभाग, धारिका क्रमांक आणि पानसंख्या. म्हणजे एकूण १,००० नोंदी. त्या मूळ कागदाशी ताडून चुका मोजल्या. गुणांची पट्टी आधीच ठरली होती:

| दर हजार नोंदींमागे चुका | गुण |
|---|---|
| २ पर्यंत | ५ |
| २ पेक्षा जास्त, ५ पर्यंत | ४ |
| ५ पेक्षा जास्त, १० पर्यंत | ३ |
| १० पेक्षा जास्त, २० पर्यंत | २ |
| २० पेक्षा जास्त, ४० पर्यंत | १ |
| त्याहून जास्त | ० |

चूक कशाला म्हणायचं हेही लिहून ठेवा. 'धारिका क्रमांक ४५१ ऐवजी ४१५' ही चूक, हे सगळ्यांना मान्य. पण शाई उडालेला दिनांक कोरा ठेवला तर? आम्ही ठरवलं होतं की वाचता न येणाऱ्या जागी 'अवाच्य' असा शेरा असेल तर चूक नाही, नुसतं कोरं असेल तर चूक. हे आधी ठरलं नसतं तर मोजणारा प्रत्येक जण आपापल्या स्वभावाप्रमाणे मोजत बसला असता.

अनुभवासाठी 'गेल्या पाच वर्षांत पूर्ण केलेली, किमान दोन लाख पानांची कामं' अशी व्याख्या केली आणि किती कामांना किती गुण ते लिहिलं. 'पूर्ण केलेली' हा शब्द महत्त्वाचा. माहितीपत्रकात चालू कामं, मिळालेली पण सुरू न झालेली कामं आणि दुसऱ्या कुणाच्या हाताखाली केलेली कामं एकाच यादीत गुण्यागोविंदानं नांदत असतात. जुन्या ग्राहकाला फोन करताना "काम कसं होतं?" असं विचारू नका, उत्तर नेहमी "चांगलं होतं" असंच येतं. "किती पानं परत स्कॅन करावी लागली, आणि ते कुणाच्या खर्चानं?" असं विचारा.

जोखमीच्या रकान्यात दोन गोंधळ होतात. पहिला दिशेचा: जास्त गुण म्हणजे जास्त जोखीम की कमी? एका सदस्यानं उलटं समजून भरलेला तक्ता मी पाहिला आहे, आणि बेरीज होईपर्यंत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. म्हणून रकान्याचं नावच 'सुरक्षितता' ठेवा, म्हणजे जास्त गुण चांगले. दुसरा गोंधळ एकच गोष्ट दोनदा मोजण्याचा. 'अनुभव कमी म्हणून जोखीम जास्त' असं म्हणून दोन्हीकडे गुण कापले, तर अनुभवाचं वजन न सांगता वाढतं. जोखमीत फक्त बाकीच्या निकषांत न आलेल्या गोष्टी घ्या. आपल्या उदाहरणात त्या चार होत्या: एक स्कॅनर बंद पडला तर पर्यायी यंत्र आहे का, फाटक्या कागदांची हाताळणी लिहून दिली आहे का, प्रतींची सुरक्षित साठवण कशी, आणि मुख्य माणूस सोडून गेला तर काम कोण सांभाळणार.

चौथी पायरी: खर्चाचं सूत्र निवडा. निकाल इथे फिरतो

आधी खर्च म्हणजे काय ते ठरवा. मागितलेला दर म्हणजे खर्च नव्हे. अ नं १०० मागितले, पण तळटिपेत बारीक अक्षरात होतं, 'नोंदसूची स्वतंत्र'. तिचे १४, वर्षभराच्या साठवणुकीचे ६, म्हणजे एकूण १२०. ब चे ११८ आणि साठवणुकीचे ७ मिळून १२५. क चे १३५, त्यात सगळं आलं, पण त्याचं वेळापत्रक इतरांपेक्षा दीड महिना लांब. तेवढे दिवस आपला देखरेखीचा माणूस जास्त अडकतो, त्याचे ५, म्हणजे १४०. मागितलेल्या दरात अ आणि ब मध्ये १८ चं अंतर दिसत होतं, प्रत्यक्षात ते ५ निघालं. कोणकोणते खर्च धरायचे याची यादी दर कळण्याआधी लिहिलेली असावी, म्हणजे ती कुणाच्या सोयीनं लांबत किंवा आखडत नाही.

आता सूत्र. दोन प्रचलित आहेत. पहिलं गुणोत्तराचं: सर्वांत कमी खर्च भागिले या पुरवठादाराचा खर्च, गुणिले वजन. जागतिक बँकेच्या सल्लागार-निवडीत दर्जा आणि खर्च एकत्र पाहण्याची जी पद्धत आहे, तिच्यात आर्थिक गुण याच तत्त्वावर काढतात. दुसरं पट्टीचं: सर्वांत स्वस्ताला पूर्ण गुण, सर्वांत महागाला शून्य, मधल्यांना अंतराच्या प्रमाणात. खर्च B2 ते D2 मध्ये असतील तर तक्त्यात ती अशी दिसतात:

```
=35*MIN($B$2:$D$2)/B2
=35*(MAX($B$2:$D$2)-B2)/(MAX($B$2:$D$2)-MIN($B$2:$D$2))
```

दोन्ही वाचायला न्याय्य वाटतात. आपल्या तिघांना लावून पाहा. गुणोत्तरानं अ ला ३५, ब ला ३३.६ आणि क ला ३० मिळतात. पट्टीनं अ ला ३५, ब ला २६.२५ आणि क ला शून्य. क फक्त सहाव्या हिश्श्यानं महाग आहे, आणि तरी खर्चात त्याला काहीच मिळत नाही.

पट्टीची खोड आणखी खोल आहे. समजा जिंकण्याची सुतराम शक्यता नसलेला पाचवा कुणी २२० चा प्रस्ताव घेऊन आला. आता महागाईचं टोक २२० झालं, आणि क ला अचानक २८ गुण मिळू लागतात, ब ला ३३.२५. म्हणजे ज्याचा निकालाशी संबंध नाही असा पुरवठादार ब आणि क यांच्यातलं खर्चाचं अंतर २६.२५ वरून ५.२५ वर आणतो. कुणी मुद्दाम मित्राकरवी महाग प्रस्ताव टाकला तर काय होईल, याची कल्पना करा.

गुणोत्तरही निर्दोष नाही. कुणी ६० चा, परवडणारच नाही असा दर टाकला, तर ब आणि क यांच्यातलं ३.६ चं अंतर १.८ वर येतं आणि खर्च हा निकष बोथट होतो. म्हणून 'संस्थेच्या स्वतःच्या अंदाजापेक्षा अमुक टक्क्यांनी कमी दर आल्यास आधी लेखी खुलासा मागवू, तो पटला नाही तर प्रस्ताव बाद' असा नियम गुणोत्तराबरोबर जोडून ठेवावा लागतो. एवढी तजवीज केली की दोन्हींत मी गुणोत्तर निवडतो.

पाचवी पायरी: आधी दर्जा, अनुभव, सुरक्षितता, दर शेवटी

दर कळला की नजर बदलते. स्वस्त प्रस्तावातली चूक 'चालण्यासारखी' वाटते, महाग प्रस्तावातली 'एवढे पैसे घेऊनही' अशी टोचते. म्हणून दर वेगळ्या लिफाफ्यात मागवायचे आणि बाकीच्या तीन निकषांच्या गुणांवर सह्या झाल्यावरच उघडायचे.

तीन परीक्षकांनी स्वतंत्रपणे, एकमेकांशी न बोलता गुण द्यायचे आणि प्रत्येक गुणापुढे प्रस्तावातला पान क्रमांक व एक ओळ कारण लिहायचं. मग एकत्र बसायचं. एका पायरीचा फरक असेल तर सरासरी चालेल. दोन किंवा जास्त पायऱ्यांचा असेल तर सरासरी काढू नका, कारण बहुतेक वेळा दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी मोजलेल्या असतात. अ च्या अनुभवाला एकानं ५ दिले होते, दुसऱ्यानं २. पान उघडून पाहिलं तर पहिल्यानं यादीतली नऊ कामं मोजली होती आणि दुसऱ्यानं व्याख्येत बसणारी दोन. सरासरी साडेतीन आली असती, आणि ती कुणाच्याच दृष्टीनं बरोबर नव्हती. पहिल्यानं स्वतःच गुण दुरुस्त करून शेजारी सही केली. जुना आकडा खोडरबरानं पुसायचा नाही, आडवी रेघ मारायची.

नमुन्यात अ च्या ९ चुका निघाल्या, ब च्या ४, क ची १. दराचे लिफाफे उघडल्यावर पूर्ण तक्ता असा झाला:

| निकष | अ | ब | क |
|---|---|---|---|
| खर्च (३५) | ३५ | ३३.६ | ३० |
| दर्जा (३०) | १८ | २४ | ३० |
| अनुभव (१५) | ६ | १२ | १२ |
| सुरक्षितता (२०) | ८ | १६ | १६ |
| एकूण | ६७ | ८५.६ | ८८ |

या तक्त्यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. खर्चाचं वजन सर्वांत जास्त, ३५. पण खर्चाच्या रकान्यात पहिल्या आणि शेवटच्यात फरक पाचच गुणांचा आहे. दर्जाचं वजन ३० असून फरक बारा. निकाल वजनानं लागत नाही, फरकानं लागतो. दुसऱ्या पायरीतली पैशातली तपासणी आधी करायची ती याचसाठी. ती केली असेल तर हा फरक पाहून कुणाला धक्का बसत नाही.

सहावी पायरी: निकाल हलवून पाहा

क पुढे आहे, २.४ गुणांनी. घाईनं आदेश काढू नका. आधी वजन थोडं इकडेतिकडे करून पाहा. निकाल बदलण्यासाठी नव्हे, तो किती पक्का आहे हे कळण्यासाठी. खर्च ३०, दर्जा ३५ केलं तर क ८८.७, ब ८४.८. खर्च ४५, दर्जा २५, अनुभव १२, सुरक्षितता १८ केलं तर क ८७.६, ब ८७.२, जवळजवळ बरोबरी. खर्च ५०, दर्जा २२, अनुभव १२, सुरक्षितता १६ केलं तर ब पुढे जातो, ८८ विरुद्ध ८७.३. अ मात्र यातल्या कोणत्याही मांडणीत पहिल्या दोघांच्या जवळपास येत नाही. म्हणजे अ बाहेर हे पक्कं, आणि ब की क हे अजून डळमळीत.

मग डळमळ नेमकी कशावर आहे ते शोधा. ब आणि क यांचा अनुभव आणि सुरक्षितता सारखी. खर्चात ब ३.६ नं पुढे. क ला पुढे नेणारे ६ गुण फक्त दर्जातून आले, आणि ते सहा गुण हजार नोंदींतल्या तीन चुकांवर उभे आहेत. ४ आणि १ यांतला फरक योगायोगानंही पडू शकतो. क च्या वाट्याला आलेल्या २०० पानांवर त्या दिवशी त्याचा सर्वांत तरबेज माणूस बसला असेल, एवढंही पुरतं.

यासाठी आमच्या कागदात आधीच एक ओळ होती: पहिल्या दोघांत ३ गुणांपेक्षा कमी अंतर असेल तर त्या दोघांना आणखी ४०० पानांचा नमुना, दोन्ही नमुने मिळून दर्जाचे गुण नव्यानं, आणि तो निकाल अंतिम. ही ओळ आधी नसेल तर नंतर घालू नका. दुसरा नमुना मागणं म्हणजे कुणाला तरी आणखी एक संधी देणं, आणि ती कुणासाठी दिली असा प्रश्न रास्तपणे विचारला जाईल.

दुसऱ्या नमुन्यासाठी मुद्दाम सर्वांत खराब गठ्ठे निवडले: ओल लागलेले, पाठपोट लिहिलेले. गठ्ठे दोघांना तेच, आणि काम आपल्या माणसाच्या देखत. २,००० नोंदींत ब च्या ९ चुका निघाल्या, क च्या ८. पहिल्या नमुन्यासकट ब च्या ३,००० नोंदींत १३ चुका, म्हणजे हजारी ४.३, क च्या ९, म्हणजे हजारी ३. दोघेही पट्टीत ४ गुणांवर आले. क चे दर्जाचे गुण ३० वरून २४ झाले आणि एकूण ८२. ब ८५.६ वर कायम राहिला आणि काम त्याला मिळालं.

क अजूनही ब पेक्षा कमी चुका करतो, हे खरं आहे. पट्टीच्या पायऱ्यांमुळे तो फरक गुणांत दिसत नाही. पायऱ्या बारीक केल्या तर दिसेल, पण मग योगायोगालाही गुण मिळू लागतात. हा तोटा पत्करूनच पट्टी आखावी लागते. क ला कळवताना आम्ही त्याचे निकषवार गुण, त्याच्या ९ चुकांची यादी धारिका क्रमांकासह आणि सूत्र असं एका पानात पाठवलं. चार दिवसांनी त्याचं उत्तर आलं. यादीतली एक चूक त्याला मान्य नव्हती. शाई उडालेला दिनांक होता आणि त्यानं तिथे 'अवाच्य' लिहिलं होतं. तपासलं तर त्याचं बरोबर निघालं. चुका ८ झाल्या, हजारी २.७, गुण तेच ४. दुरुस्त केलेला तक्ता सही करून फाईलला लावला.